निकडीचे काम आणि महत्त्वाचे काम

कारकुनाने काम निवडायचे नसते, समोर येईल ते करायचे असते, असा समज व्यापारी पेढ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. शेठ हाक मारतात, टेलिफोन वाजतो, दारात टेम्पो उभा राहतो, बँकेचा माणूस कागद मागतो आणि कारकुनाचा दिवस या हाकांच्या मागे धावण्यात संपतो. संध्याकाळी टेबल आवरताना आपण क्षणभरही रिकामे बसलो नाही, एवढे समाधान त्याला असते. मात्र वर्षाअखेरीस खतावणीतील एखादी मोठी बाकी बुडीत खाती टाकण्याची वेळ येते, तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. ती रक्कम कोणाच्या आळसाने बुडालेली नसते. ती बुडालेली असते कामाच्या गर्दीत.

या गर्दीची वर्गवारी करण्याची एक सोपी रीत आहे. 19 ऑगस्ट 1954 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन येथे चर्चच्या जागतिक परिषदेच्या अधिवेशनात भाषण केले. एका माजी महाविद्यालय-प्रमुखांचा हवाला देऊन त्यांनी सांगितले की, माणसापुढे दोन तऱ्हेचे प्रश्न येतात, निकडीचे आणि महत्त्वाचे, आणि या दोन तऱ्हा सहसा एका ठिकाणी सापडत नाहीत. पुढे 1989 मध्ये स्टीफन कोव्ही यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात या विचाराला चार घरांच्या तक्त्याचे रूप दिले. पहिल्या घरात निकडीचे आणि महत्त्वाचे काम, दुसऱ्यात महत्त्वाचे पण निकड नसलेले, तिसऱ्यात निकडीचे पण महत्त्व नसलेले, आणि चौथ्यात या दोन्हींपैकी काहीच नसलेले. तक्ता कागदावर दोन रेघांत काढून होतो. अवघड आहे ते कोणते काम कोणत्या घरात पडते हे ओळखणे, कारण बहुतेकांची चूक तेथेच होते.

चूक टाळण्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत. महत्त्वासाठी विचारावे : हे काम कधीच झाले नाही, तर पेढीचे काय जाईल? पैसा, पत, ग्राहक किंवा कायद्याने मिळालेला हक्क यांपैकी काही जात असेल, तर काम महत्त्वाचे. निकडीसाठी विचारावे : कोणत्या तारखेनंतर किंवा वेळेनंतर हे काम करून उपयोग नाही? येथे उत्तर घड्याळाने अथवा पंचांगाने द्यायचे असते. काम मागणाऱ्याचा आवाज किती मोठा आहे, तो किती वेळा आला, तो टेबलाशी उभा आहे की नाही, यांचा या उत्तराशी संबंध नाही. व्यवहारात मात्र निकड कानाने ठरवली जाते. ज्याचा आवाज ऐकू येतो ते निकडीचे, आणि जे मुकाट्याने फायलीत पडून आहे ते सावकाशीचे.

उदाहरणादाखल इचलकरंजीतील कापडाची एक घाऊक पेढी डोळ्यांपुढे आणावी. दिवस सोमवार, 10 नोव्हेंबर 2025. दिवाळी होऊन तीन आठवडे झालेले, सणाचा माल गेलेला आणि आता वसुलीचे दिवस. हिशेबाचे सारे काम एका जुन्या, विश्वासू कारकुनाकडे आहे. त्याला सगळे अण्णा म्हणतात. हाताखाली नुकताच लागलेला एक मुलगा आहे. सकाळी दहा वाजता अण्णांच्या टेबलावर अकरा कामे आहेत.

हुबळीच्या व्यापाऱ्याचा माल बारा वाजता निघायचा आहे, त्याचे ई-वे बिल काढायचे आहे. ऑक्टोबरच्या विक्रीचे जीएसटीआर-1 विवरण भरायचे आहे. बँकेला कॅश क्रेडिट खात्याचे स्टॉक स्टेटमेंट द्यायचे आहे. निपाणीच्या एका गिऱ्हाइकाचा 74,500 रुपयांचा चेक न वटता परत आला आहे, त्याबाबत वकिलांना भेटायचे आहे. एका पार्टीने मागील वर्षाचा खाते-उतारा मागितला आहे. फिरतीवरच्या विक्रेत्याला नवे दरपत्रक छापून हवे आहे. स्टेशनरीवाला आपल्या 780 रुपयांच्या बिलासाठी बाकावर बसला आहे. छापखान्याचा माणूस नव्या वर्षाच्या कॅलेंडरचा नमुना दाखवायला आला आहे. जुन्या येण्यांसाठी गिऱ्हाइकांकडून बाकी मान्यतेची पत्रे घ्यायची आहेत. नव्या मुलाला ई-वे बिल काढायला शिकवायचे आहे. आणि कपाटातील जुन्या फायलींना नवी लेबले लावायची आहेत, हे काम अण्णांनी स्वतःच मनाशी योजले आहे.

आवाजाच्या क्रमाने गेले तर दिवस कसा जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. प्रथम स्टेशनरीवाला, कारण तो समोर बसला आहे. मग कॅलेंडर, कारण छापखान्याच्या माणसाला पुढे जायचे आहे. मग दरपत्रक, कारण विक्रेत्याचा तिसरा फोन आला. मग पार्टीचा उतारा. तोवर साडेअकरा वाजतील आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागेल.

आता हीच अकरा कामे दोन प्रश्नांना लावून पाहावीत.

ई-वे बिलाचे उत्तर स्पष्ट आहे. माल कर्नाटकात जायचा आहे आणि किंमत 50,000 रुपयांहून अधिक आहे. बिलाशिवाय गाडी निघाली आणि वाटेत तपासणी झाली, तर माल अडकेल व दंड होईल. वेळ बारा वाजताची. पहिले घर. जीएसटीआर-1 ची शेवटची तारीख 11, म्हणजे उद्या. ते चुकले तर विलंब शुल्क लागेलच, पण खरी हानी वेगळी आहे. 14 तारखेला प्रत्येक खरेदीदाराच्या नावे जे जीएसटीआर-2बी तयार होते, त्यात या पेढीची बिले दिसणार नाहीत आणि त्या सर्व गिऱ्हाइकांची कराची वजावट एक महिना मागे पडेल. एका दिवसाच्या चुकीने अनेक घरांची नाराजी ओढवेल. हेही पहिले घर.

स्टॉक स्टेटमेंटकडे पेढ्यांतून बँकेची कटकट म्हणून पाहिले जाते. त्यामुळे ते नेहमी मागे पडते. वास्तविक कॅश क्रेडिट खात्यातून किती रक्कम उचलता येईल, म्हणजे ज्याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात, ती याच कागदावरून ठरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हे स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुने झाले, तर त्याच्या आधारावर उचललेली रक्कम अनियमित धरली जाते, आणि अशी अनियमितता सलग 90 दिवस राहिली तर खाते अनुत्पादक ठरू शकते. धंदा उत्तम चालला असतानाही केवळ कागद न गेल्याने पत जाऊ शकते. या पेढीच्या मंजुरीपत्रात दरमहा 10 तारीख लिहिलेली आहे, म्हणजे आजच. तेव्हा हेही पहिल्या घरात.

चौथे काम परत आलेल्या चेकचे, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. बँकेचा परतीचा मेमो 17 ऑक्टोबरला हातात पडला होता. कायदा असा आहे की, मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला रक्कम भरण्यासाठी 15 दिवस मिळतात, आणि तरीही त्याने पैसे दिले नाहीत, तर त्यानंतरच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. पहिली पायरीच चुकली, तर त्या परतीच्या आधारावरची फौजदारी तक्रार टिकत नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरून पाहता येतो, पण मुदत संपली असेल तर तो मार्गही उरत नाही. मेमो आला त्या दिवशी हे काम दुसऱ्या घरात होते : महत्त्वाचे, पण हाताशी महिना होता. आज 24 दिवस उलटले आहेत, सहा उरले आहेत आणि त्यांतला शेवटचा दिवस रविवार आहे. काम तेच, रक्कम तीच, मात्र घर बदलले. दुसऱ्या घरातील काम तेथे स्वस्थ बसून राहत नाही. ते रोज एक पाऊल पहिल्या घराकडे सरकत असते आणि काही कामे तर पहिल्या घरात थांबतही नाहीत, सरळ तक्त्याबाहेर जातात.

पहिल्या घरात अशी चार कामे जमली. त्यांचा क्रम वेळेने लावायचा : आधी ई-वे बिल, कारण बारा वाजता त्याचा उपयोग संपतो. मग स्टॉक स्टेटमेंट, कारण तारीख आजची आहे. त्यानंतर चेकची कागदपत्रे. बिलाची प्रत, मूळ चेक, बँकेचा मेमो आणि खात्याचा उतारा एका पाकिटात घालून मुलाबरोबर वकिलांकडे पाठवायला अर्धा तास लागेल. मुदत सहा दिवसांची दिसत असली तरी मसुदा, सही आणि टपाल यांना त्यातूनच वेळ द्यायचा आहे, म्हणून हे आजच. जीएसटीआर-1 ची बिले तपासण्यास दुपार द्यावी आणि विवरण आजच भरून टाकावे. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते, हा प्रत्येक कारकुनाचा अनुभव आहे.

आता तिसरे घर. उतारा, दरपत्रक, स्टेशनरीचे बिल आणि कॅलेंडर. यांतले एकही काम वाईट नाही आणि कोणतेही कायमचे टाळायचे नाही. त्यांची निकड फक्त दुसऱ्याच्या सोयीची आहे. मोठ्या कचेरीतील अधिकाऱ्याला सल्ला मिळतो की, अशी कामे दुसऱ्यावर सोपवावीत. कारकुनाच्या खाली मात्र सोपवायला फारसे कोणी नसते आणि वरच्याला नाही म्हणण्याचा अधिकारही नसतो. त्याच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे वेळ ठरवून सांगणे. शेठ केबिनमधून हाक मारतात, “अण्णा, त्या पार्टीचा उतारा दिला का?” अण्णा उठत नाहीत आणि नकारही देत नाहीत. ते म्हणतात, “शेठ, हुबळीचा टेम्पो बाराला सुटतो आणि बँकेचा कागद आजच जायला हवा. उतारा चार वाजता पार्टीच्या हातात असेल.” शेठ मान डोलावतात. शेठना तरी उतारा त्याच क्षणी कुठे हवा होता? पार्टीचा फोन आला, म्हणून त्यांनी हाक मारली इतकेच.

चार ते पाच हा एक तास अशा कामांसाठी बांधून ठेवला, की सकाळभर प्रत्येकाला देण्यासाठी एक प्रामाणिक उत्तर तयार असते. स्टेशनरीवाल्याला पैसे मात्र बसल्या बसल्या दिले तरी चालतात. दोन मिनिटांत जे संपते त्याची वर्गवारी करण्यातच अधिक वेळ जातो. चौथ्या घरात फायलींची लेबले. हे काम हाताला गोड वाटते, कारण त्यात चूक होत नाही आणि कोणी ओरडत नाही. कठीण पत्र लिहायचे टाळताना हात आपोआप अशा कामाकडे वळतो, म्हणून त्यावर नजर ठेवावी.

राहिले दुसरे घर, आणि या साऱ्या विवेचनाचे मर्म तेथे आहे. त्यात दोन कामे आहेत : नव्या मुलाला शिकवणे आणि बाकी मान्यतेची पत्रे घेणे. दोन्हींसाठी आज कोणीही हाक मारलेली नाही. उद्याही मारणार नाही.

बाकी मान्यतेच्या पत्रामागचे कारण पेढीतील प्रत्येक कर्त्या माणसाने समजून घ्यावे. उधारीवर विकलेल्या मालाची रक्कम दाव्याने वसूल करायची तर 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांची मर्यादा आहे. बिलावर उधारीचे दिवस ठरलेले असतील तर ते दिवस संपल्यापासून, आणि ठरलेले नसतील तर माल दिल्यापासून, ही तीन वर्षे मोजली जातात. साध्या उधारीच्या खात्यात प्रत्येक बिलाची मुदत वेगळी चालते. गिऱ्हाईक नवा माल घेत राहिले, म्हणून जुन्या बिलाची मुदत आपोआप वाढत नाही. मुदत नव्याने सुरू करण्याचे दोन सोपे मार्ग कायद्याने ठेवले आहेत. एक, देणेकऱ्याने आपल्या सहीनिशी बाकी लेखी मान्य करणे. दुसरा, त्याने त्या बाकीपोटी काही रक्कम भरणे आणि त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असणे. दोन्ही गोष्टी मूळ तीन वर्षे संपण्यापूर्वी घडल्या पाहिजेत. मुदत संपल्यावर घेतलेली साधी कबुली मेलेला हक्क उठवत नाही. त्यासाठी रक्कम फेडण्याचे स्पष्ट लेखी वचन घ्यावे लागते, आणि मुदत संपलेली आहे हे कळल्यावर असे वचन कोणता देणेकरी देईल?

या पेढीच्या खतावणीत लातूरकडील एका दुकानदाराच्या नावे 2,86,000 रुपये येणे आहे. माल 4 ऑक्टोबर 2022 रोजी पोहोचला. उधारी 60 दिवसांची, म्हणजे 3 डिसेंबर 2022 पर्यंत. तीन वर्षे मोजली तर 3 डिसेंबर 2025 ला दाव्याचा हक्क संपतो. आज 10 नोव्हेंबर, म्हणजे केवळ 23 दिवस उरले आहेत, आणि ही गोष्ट पेढीत कोणाच्याही ध्यानात नाही. दुकानदार माणूस गोड. फोन केला की म्हणतो, “अण्णा, तुमचे पैसे कुठे जात नाहीत, दिवाळी होऊ द्या.” अशा तीन दिवाळ्या गेल्या. फोनवरचा हा शब्द कितीही प्रेमाचा असला, तरी त्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही.

या येण्यासाठी कोणी टेबलाशी उभे राहत नाही. देणेकऱ्याला त्याची आठवण करून देण्यात रस नाही, शेठांच्या डोक्यात चालू महिन्याची वसुली आहे आणि संगणकातील खाते ती बाकी दर महिन्याला तितक्याच शांतपणे पुढे ओढते. गेल्या मार्चमध्ये याच पेढीची 1,12,000 रुपयांची दुसरी एक बाकी अशीच मुदतीबाहेर गेली. त्या पार्टीला नोटीस पाठवली तेव्हा तिच्या वकिलाने एका वाक्यात उत्तर दिले की, येणे मुदतबाह्य आहे. तीन वर्षांत पत्र लिहिण्याइतका वेळ मिळाला नाही, असे नव्हते. रोजच्या दिवशी त्या पत्रापेक्षा निकडीचे असे काहीतरी समोर होते, एवढेच.

माणसाचा हा कल आता अभ्यासानेही दाखवला आहे. 2018 मध्ये मेंग झू, यांग यांग आणि ख्रिस्तोफर शी या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांपुढे दोन कामे ठेवली होती. एकाचा मोबदला कमी, पण वेळेची खिडकी लवकर बंद होणारी. दुसऱ्याचा मोबदला अधिक आणि वेळ भरपूर. पुष्कळांनी कमी मोबदल्याचे, पण घाईचे काम निवडले. आपण फार कामात आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हा कल अधिक दिसला. मात्र निवड करण्याच्या क्षणी दोन्ही मोबदल्यांकडे लक्ष वेधले गेले, तेव्हा तो कमी झाला. पेढीच्या भाषेत सांगायचे तर, कामाच्या यादीवर कामापुढे रक्कम लिहिली की डोळा बदलतो. ‘लातूर पत्र’ एवढेच लिहिले तर ते सावकाशीचे वाटते. ‘लातूर पत्र, 2,86,000, हक्क 3 डिसेंबरला संपतो’ असे लिहिले, तर कॅलेंडरच्या नमुन्याला त्याच्या पुढे जाता येत नाही.

अण्णांनी त्या दिवशी तेच केले. अकरा कामांपुढे गमावण्याची रक्कम आणि शेवटची तारीख असे दोन रकाने आखले, आणि लातूरची ओळ लिहिताना बिल काढून तारीख मोजावी लागली, म्हणून तर ती उघडकीस आली. पत्र लिहायला पंचवीस मिनिटे लागली. त्यात बिलाचा क्रमांक व तारीख, मूळ रक्कम, आजची बाकी आणि खाली ‘वरील बाकी आम्हांस मान्य आहे’ ही ओळ, सही, शिक्का आणि तारखेसाठी जागा. सहीखालची तारीख देणेकऱ्यानेच आपल्या हाताने घालावी, कारण सगळा प्रश्न तारखेचाच आहे. विक्रेता पुढच्या आठवड्यात त्या भागात जाणार होता. दरपत्रकाच्या गठ्ठ्यातच पत्राच्या दोन प्रती त्याच्याकडे दिल्या. 19 नोव्हेंबरला दुकानदाराने सही केली. पैसे अजून आले नाहीत, हे खरे. पण दाव्याचा हक्क आता 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत आहे, आणि सही केलेला कागद हातात असला की फोनवरचे बोलणेही थोडे वेगळे होते.

त्याने सही नाकारली असती तर? तर दावा दाखल करायला दोन आठवडे उरले असते, तेही मोठ्या धावपळीचे. म्हणून असे पत्र मुदत संपण्याच्या तोंडावर पाठवणे ही नशिबाची परीक्षा आहे. ते मुदतीच्या किमान सहा महिने आधी जावे. दरवर्षी 31 मार्चच्या बाकीची पत्रे एप्रिलमध्ये सर्वच पार्ट्यांना पाठवणे सर्वांत चांगले, कारण मग ते कोणालाही अविश्वासाचे वाटत नाही, रिवाजाचे वाटते. बँका कर्जदारांकडून वेळोवेळी येणे मान्य असल्याचे कागद सहीनिशी घेतात, त्यामागेही हाच कायदा आहे.

दुसऱ्या घरातील कामाला स्वतःचा आवाज नसतो, तो त्याला बाहेरून द्यावा लागतो. आठवड्यातील एक ठरलेला तास, उदाहरणार्थ मंगळवारी सकाळी दहा ते अकरा, या घरासाठी राखावा आणि त्या तासात फोन नव्या मुलाने घ्यावा. सोबत एक मुदतवही ठेवावी. तीत प्रत्येक जुन्या येण्यासमोर चार तारखा असाव्यात : माल दिल्याची, उधारी संपल्याची, तीन वर्षे पूर्ण होण्याची आणि त्याच्या सहा महिने आधीची. चौथी तारीख ही पत्र पाठवण्याची. परत आलेले चेक आणि गोदामाचा विमा यांच्या मुदतीही याच वहीत याव्यात. नव्या मुलाला शिकवणे हेही याच तासाचे काम. अण्णांनी त्याला तीन मंगळवार दिले, तर महिन्याभरात ई-वे बिल, उतारे आणि दरपत्रके त्याच्याकडे जातील. तिसऱ्या घरातील कामे सोपवावीत हा सल्ला तेव्हा कोठे उपयोगी पडेल. सोपवण्यासाठी माणूस आधी दुसऱ्या घरात तयार करावा लागतो.

तक्त्याच्या मर्यादाही आहेत. महत्त्व ठरवण्यासाठी जी माहिती लागते ती पुष्कळदा कारकुनाजवळ नसते. एखाद्या पार्टीचा साधा उतारा शेठांच्या दृष्टीने मोठ्या सौद्याची सुरुवात असू शकते आणि अण्णांना तो तिसऱ्या घरातला दिसतो. उलट मुदतीच्या तारखा अण्णांना माहीत असतात, शेठांना नसतात. म्हणून हा तक्ता एकट्याने भरण्याचा नाही. सकाळी दहा मिनिटे शेठ आणि अण्णा यांनी यादी समोर घेऊन बसावे. शेठांनी महत्त्व सांगावे, अण्णांनी तारीख सांगावी. मालकाने ही दहा मिनिटे दिली नाहीत, तर कारकून आवाजाच्या मागे जाणारच, आणि त्याचा दोष त्याच्यावर टाकता येणार नाही.

तक्ता बरोबर चालला आहे की नाही, हे पहिल्या घरावरून कळते. टेम्पोचे ई-वे बिल तेथे रोज येईल, त्याला इलाज नाही. पण दर महिन्याला तीच ती कामे शेवटच्या दिवशी तेथे येऊन पडत असतील, चेकची नोटीस दरवेळी पाचव्या-सहाव्या उरलेल्या दिवसावर येत असेल, तर पेढीत काम फार आहे असे म्हणून समाधान मानू नये. ती कामे काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या घरात होती आणि तेव्हा त्यांना तास मिळाला नव्हता. जेथे मंगळवारचा तास सांभाळला जातो तेथे दोन-तीन महिन्यांत पहिले घर हळूहळू रिकामे होऊ लागते. ते तसे होत नसेल, तर तास राखला जात नाही, किंवा त्या तासात फायलींना लेबले लावली जात आहेत, असे खुशाल समजावे.